लॅटरल लोडचा पाइल: फिक्सिटीचं एक्सेल की स्प्रिंगचं मॉडेल?

पाइलवर आडवा लोड आला की आपल्याकडे दोनच रस्ते वापरात दिसतात. एक म्हणजे आयएस २९११ मधली फिक्सिटीची पद्धत, पाइल आणि मातीच्या ताठपणावरून ठरणारी लांबी T काढा, आलेखावरून फिक्सिटीची खोली काढा, पाइलला तिथे धरलेला कॅन्टिलिव्हर समजा आणि डिफ्लेक्शन मोजा, सगळं एका एक्सेल शीटमध्ये बसतं. दुसरा म्हणजे स्टॅडमध्ये पाइल मॉडेल करून दर अर्ध्या मीटरला मातीचा स्प्रिंग द्यायचा. मी बरीच वर्षं पहिला वापरला आणि आता बहुतेक दुसरा वापरतो, का ते सांगतो. तुमच्या साइटची माती वेगळी असेल तर निर्णयही वेगळा असू शकतो हे आधीच मान्य.

आधी एक गोष्ट जी दोन्हीत सारखीच आहे. ज्या मातीचा ताठपणा खोलीबरोबर वाढतो तिच्यात डिफ्लेक्शन η_h च्या, म्हणजे तो ताठपणा खोलीबरोबर किती वेगाने वाढतो त्या आकड्याच्या, ०.६ घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं आणि मोमेंट फक्त ०.२ च्या. म्हणजे η_h दुप्पट धरला तर डिफ्लेक्शन दोन तृतीयांशावर येतं, मोमेंट मात्र जेमतेम १३ टक्के कमी होतो. त्यामुळे स्टील पुरतं की नाही याचं उत्तर η_h थोडा चुकला तरी फार हलत नाही, पण डिफ्लेक्शन ५ मिमीच्या मर्यादेत बसतं का, याचं उत्तर पूर्ण त्या एका आकड्यावर लटकलेलं असतं, आणि बहुतेक वेळा डिझाइन अडतं ते इथेच, सेक्शनची ताकद शिल्लक असते आणि डिफ्लेक्शन संपलेलं असतं.

आता माझं काम. कोकणात खाडीवरचा एक छोटा पूल, १००० मिमीचे पाइल, एम३५, वर ६ मीटर मऊ मरीन क्ले आणि खाली लगेच वेदर्ड बेसॉल्ट, त्यात ३ मीटर सॉकेट. एका पाइलवर आडवा लोड १०० किलोन्यूटन, हेड पाइल कॅपमध्ये फिक्स. क्लेसाठी η_h ५०० किलोन्यूटन प्रति घनमीटर धरला.

```
EI = 1.45 x 10^6 kN.m2
T  = (EI/η_h)^(1/5) = 4.93 m
zf = 2.2 T = 10.8 m
y  = H zf^3 / (12 EI) = 7.3 mm
```

५ मिमीच्या वर गेलं. उलटं सोडवलं तर एक पाइल ६८ किलोन्यूटनच घेतो, म्हणजे ४ पाइलच्या जागी ६ पाइल, मोठी कॅप, आणि खाडीत प्रत्येक पाइल म्हणजे लायनर, बेंटोनाइट आणि भरतीची वाट बघणं. शीट बरोबर होती, मी दोनदा तपासली. पण खटकलं ते zf. रॉक ६ मीटरवर आणि माझा फिक्सिटी पॉइंट १०.८ मीटरवर, म्हणजे पाइलच्या टोकाच्याही खाली! पाइल ९ मीटरचा आणि तो १०.८ वर धरलाय असं मी लिहून देत होतो. पद्धतीचा यात दोष नाही, तिला एकच η_h कळतो, सगळी माती एकाच जातीची असते असं ती गृहीत धरते, आणि कोकणच्या खाडीत तर वर गाळ आणि खाली दगड हाच नेहमीचा प्रकार. माझा कल तिथेच बदलला.

स्प्रिंगच्या मॉडेलमध्ये रॉकमध्ये साधारण १ मीटर आत पाइल घट्ट धरला जातो असं दिसलं, मग मोकळी लांबी ७ मीटर आणि डिफ्लेक्शन सुमारे १.९ मिमी. मला जास्त आश्चर्य याचं वाटलं की क्लेचे सगळे स्प्रिंग काढून टाकले तरी २ मिमीच येतं. म्हणजे ज्या η_h वर आम्ही इतके दिवस वाद घालत होतो त्याचा इथे जवळपास काही संबंधच नव्हता, सगळं काम रॉक करत होता.

तरीही शंका होतीच, म्हणून टेस्ट पाइलची वाट पाहिली. टेस्टमध्ये कॅप नसते, हेड मोकळं असतं, हे विसरायचं नाही. १०० किलोन्यूटनला जॅकसमोरच्या डायल गेजवर साडेआठ मिमी आलं आणि साइटवर लगेच कुणीतरी म्हणालं, बघा, एक्सेलचे ७.३ बरोबर होते. नव्हते, ते ७.३ फिक्स हेडचे होते. मोकळ्या हेडला तीच शीट १९ मिमी सांगते, आणि स्प्रिंग मॉडेल हेड मोकळं करून चालवलं की ७.३ सांगतं. वरचा एक मिमी कॉंक्रीटला तडे गेल्यामुळे असावा असं मला वाटतं, कारण तेवढ्या लोडला रॉकच्या पातळीवर मोमेंट क्रॅकिंगच्या पुढे जातो. एका टेस्टवरून नियम काढू नये, पण माझ्यासाठी प्रश्न तिथे मिटला आणि ४ पाइल राहिले.

स्प्रिंगवाल्या रस्त्यात फसायच्या जागा आहेत आणि त्यातली एक फार वाईट आहे. कोडमधला η_h वापरलात तर नोडचा स्प्रिंग म्हणजे η_h गुणिले खोली गुणिले नोडमधलं अंतर, बस, व्यासाने पुन्हा गुणायचं नाही, तो त्यात आलेलाच असतो. ताठ क्लेचा K वापरलात तर मात्र व्यासाने गुणावं लागतं. माझ्या पाइलचा व्यास १ मीटर, त्यामुळे चूक केली असती तरी दिसलीच नसती, पण ६०० मिमीच्या पाइलला हीच चूक मातीला ४० टक्के मऊ करून टाकते. कळायचा उपाय सोपा आहे, आधी पूर्ण खोलीला एकच η_h देऊन २५ मीटरचा पाइल चालवा, वरचेच आकडे आणि हेड फिक्स ठेवून, डिफ्लेक्शन ७.७ मिमीच्या आसपास यायला हवं, हाताने 0.93 H T^3/EI तेच सांगतं. नाही आलं तर स्प्रिंग चुकलेत.

दुसरं, रॉकवर भिस्त ठेवली की रॉकची पातळी हाच तुमचा नवा η_h होतो. याच पुलाच्या पलीकडच्या पिअरला रॉक ९ मीटरवर लागला तेव्हा डिफ्लेक्शन ४.६ झालं आणि १० मीटरवर धरला तर साडेपाच. एक मीटरने पास-नापास ठरतं. शिवाय लांबी रॉकने ठरते तेव्हा तडे गेलेल्या सेक्शनचा फटका पूर्ण बसतो, EI ०.७ पट धरला की १.९ चे २.७ होतात, खोल मातीत हाच फटका १५ टक्क्यांवर निभावतो.

त्यामुळे जमीन २०-२५ मीटर एकसारखी असेल, नदीकाठची वाळू वगैरे, तर मी आजही एक्सेलच उघडतो, दहा मिनिटांत उत्तर मिळतं आणि स्प्रिंगपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त फरक पडत नाही. पण T च्या दुपटीच्या आत थर बदलत असेल तर मी तरी स्प्रिंगच घेईन. आणि घेतलात तर केजची ड्रॉइंग पुन्हा बघा, कारण रॉकच्या तोंडाशी जवळपास हेडइतकाच मोमेंट येतो, आमचा ३५० च्या घरात होता, आणि जुन्या सवयीने आम्ही नेमके तिथेच अर्धे बार थांबवले होते. ते खालपर्यंत नेले आणि पलीकडच्या पिअरला प्रत्येक पाइलच्या जागी वेगळं बोअरहोल मागितलं.