सेल्स ऑफिसरचा रिझ्युमे: मोठा आकडा द्यावा की त्याचा हिशोब?

अमळनेर, चोपडा आणि पारोळा अशी टेरिटरी सांभाळणारा एक सेल्स ऑफिसर धरा. माल साबण, बिस्किटं, खोबरेल तेल असा रोजच्या खपाचा. दुसऱ्या कंपनीत अर्ज करताना एकच वर्ष त्याला दोन तऱ्हेनं मांडता येतं. खालचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण धंद्यात ते एकमेकांशी असेच बांधलेले असतात.

पहिला मसुदा:

> ८ डिस्ट्रिब्युटर आणि १,४५० आउटलेट सांभाळले. वार्षिक विक्री २.५२ कोटी, वाढ १७ टक्के. वसुली १०० टक्के.

दुसरा मसुदा:

> डिस्ट्रिब्युटर: ६ हाती आले, १ बंद केला, ३ नवे नेमले, आता ८. आउटलेट: यादीत १,४५०, महिन्यात बिल होणारी ६१० वरून ८७०. सेकंडरी विक्री, कर वगळून, एप्रिल ते मार्च: २.०४ कोटींवरून २.२७ कोटी, वाढ ११ टक्के. बाजारातली उधारी २८ दिवसांवरून १७ दिवसांवर.

दुसऱ्यात वाढ कमी दिसते, आणि बहुतेक जण इथेच अडखळतात. १७ टाकता येत असताना ११ का लिहायचे?

कारण १७ टक्के ही प्रायमरीची वाढ आहे. कंपनीनं डिस्ट्रिब्युटरला जेवढं बिल केलं ती प्रायमरी, आणि डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनातून दुकानात जे गेलं ती सेकंडरी. दोन्ही एकाच भावानं मोजल्या, तर या वर्षी २.५२ कोटींचा माल गोडाऊनात आला आणि २.२७ कोटींचा बाहेर पडला. २५ लाखांचा माल आतच राहिला. महिन्याची सेकंडरी साधारण १९ लाख, म्हणजे जवळपास चाळीस दिवसांचा जादा साठा. समोर बसलेला एरिया मॅनेजर स्वतः याच कामातून वर आलेला असतो. "क्लोजिंग स्टॉक किती दिवसांचा होता?" एवढं एक विचारलं की १७ टक्क्यांतली हवा निघते, कारण मार्च एंडला माल कोंबून टार्गेट कसं गाठतात हे त्याला माहीत असतं.

तरी सगळे २५ लाख कोंबलेलेच असतील असंही नाही. तीन नवे डिस्ट्रिब्युटर नेमले, प्रत्येकानं ३ लाखांचा पहिला साठा भरला, तर ९ लाखांचा हिशोब लागतो. उरलेल्या १६ लाखांचं उत्तर मात्र तयार हवं. सेकंडरीचा आकडा देणाऱ्यावर ही झडती येत नाही असं नाही, पण झडतीची सुरुवात त्याच्या बाजूनं होते.

वाढीसोबत काळ लिहिणं आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. २०२४ मध्ये दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. सणाची भरणी त्यामुळे आधीच्या महिन्यात सरकली. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. कर उतरणार हे आधी कळल्यावर जुन्या भावाचा माल भरायला कोण धजेल? म्हणून या दोन वर्षांत सप्टेंबर किंवा ऑक्टोबरची एका महिन्याची तुलना कोणी लिहिली असेल, तर ती मी बाजूला ठेवतो. पूर्ण वर्ष, कर वगळून, एवढे शब्द जोडले की शंका मिटते.

आउटलेटच्या बाबतीत पहिला मसुदा आणखी लवकर उघडा पडतो. एक सेल्समन दिवसाला चाळीस दुकानं करतो, आठवड्याचे सहा दिवस धरले तर २४०. १,४५० दुकानांना आठवड्यातून एकदा जायचं तर सहा सेल्समन लागतात. टेरिटरीत तीनच असतील, तर सगळी दुकानं पंधरवड्यानं होतात किंवा अर्धी फक्त यादीत असतात. म्हणून महिन्यात बिल होणाऱ्या दुकानांचा आकडा खरा. ६१० वरून ८७० हे कसं झालं, तेही एका ओळीत यायला हवं: अडावदकडच्या ज्या गावांत गाडी जात नव्हती, तिथे नवा डिस्ट्रिब्युटर नेमून दोन बीट सुरू केले. नेमणुकीचा आकडा असा कव्हरेजला जोडला की त्याला अर्थ येतो. नाहीतर एका जुन्या डिस्ट्रिब्युटरचा भाग कापून दोघांत वाटला तरी संख्या वाढतेच.

नंदुरबारच्या वरच्या भागात काम केलेल्यांनी इथे जास्त काळजी घ्यावी. धडगाव, अक्कलकुव्यात पाडे विखुरलेले, घाटाचा रस्ता, आणि खरेदी आठवडी बाजारावर. तिथे दिवसाला वीस दुकानं झाली तरी ते पक्कं काम आहे. जळगाव शहरातल्या माणसाच्या चाळीसशेजारी हा वीसचा आकडा नुसता ठेवला तर दिवसभराचं कष्टाचं काम आळस वाटेल. "डोंगरी बीट, आठवडी बाजारानुसार फेरी" एवढं लिहावंच.

वसुलीतलं १०० टक्के हे तर जवळपास काहीच सांगत नाही. बऱ्याच कंपन्या डिस्ट्रिब्युटरकडून आगाऊ किंवा माल सुटतानाच पैसे घेतात, तिथे वसुली शंभर टक्केच असणार. खरं काम बाजारातल्या उधारीचं असतं. कापूस घरात आला, विकला गेला की गावात पैसा फिरतो. त्याआधी पावसाळ्यात खेड्यातला दुकानदार स्वतःच उधारीवर चालतो आणि डिस्ट्रिब्युटरचे पैसे अडकतात. पैसे अडकले की तो पुढची ऑर्डर लहान करतो. म्हणून उधारी दिवसांत सांगावी: महिन्याची सेकंडरी १९ लाख आणि येणं ११ लाख, म्हणजे १७ दिवस. ज्या महिन्याचं येणं, त्याच महिन्याची विक्री धरावी. जुलैचा आकडा मिळाला तर तोच द्यावा, कारण डिसेंबरात उधारी कमी दिसणं सोपं आहे. आधीचे २८ दिवस जुलैचे असतील तर आताचे १७ पण जुलैचेच हवेत.

मग पहिला मसुदा कधीच नको का? नोकरीच्या पोर्टलवर अर्ज असेल आणि पहिली चाळणी एचआर किंवा कन्सल्टंट करणार असेल, तर त्याची एक ओळ अगदी वर ठेवावी. त्या माणसाला कोणते तालुके, किती डिस्ट्रिब्युटर, किती उलाढाल एवढंच पटकन हवं असतं. फक्त तिथेही सेकंडरीची रक्कमच द्यावी, म्हणजे खालच्या तपशिलाशी ती भांडणार नाही. अर्ज थेट एरिया मॅनेजरच्या हातात जाणार असेल, किंवा अमळनेरच्याच एखाद्या डिस्ट्रिब्युटरनं तुमचं नाव सुचवलं असेल, तर दुसराच मसुदा द्या. तो डिस्ट्रिब्युटर दोन्ही कंपन्यांचा माल ठेवत असेल, तर तुमच्या काळात त्याच्याकडे किती साठा पडून होता हे एका फोनवर कळतं.

टेरिटरी हाती येऊन वर्ष झालं नसेल, तर तुलनेला आधीच्या वर्षाचे तेच महिने घ्या आणि तसं लिहा. डिस्ट्रिब्युटरची नावं, त्यांचं मार्जिन, स्कीमचे दर मात्र दोन्ही मसुद्यांतून बाहेर ठेवा. तो जुन्या कंपनीचा माल आहे, आणि तो उघड करणाऱ्याला आपली टेरिटरी द्यायला नवा मॅनेजरही कचरतो.