ब्लॉक, म्यूट की रिस्ट्रिक्ट? इन्स्टाग्रामवर कुठलं बटण कशासाठी

एखादं अकाउंट डोक्याला ताप झालं की हात आधी ब्लॉककडे जातो. त्याआधी त्रास नेमका कुठे होतोय ते बघा. त्याच्या पोस्ट तुमच्यासमोर येतात म्हणून, तो तुमच्या पोस्टखाली काहीबाही लिहितो म्हणून, की मेसेज करून छळतो म्हणून? म्यूट फक्त पहिल्यावर चालतं. रिस्ट्रिक्ट दुसऱ्या आणि तिसऱ्यावर चालतं, पण पहिल्याला हातही लावत नाही. ब्लॉक तिन्हींवर चालतं, मात्र त्यात काही गोष्टी कायमच्या जातात. बऱ्याच जणांची फसगत इथेच होते: नकोशा पोस्ट दिसू नयेत म्हणून रिस्ट्रिक्ट करतात, आणि पोस्ट येतच राहतात.

एक उदाहरण धरू. ठाण्यात वर्तकनगरला एक ताई घरून फराळाच्या ऑर्डरी घेतात. अकाउंट पब्लिक आहे आणि दिवाळी तोंडावर आली आहे. त्यांच्याच सोसायटीतल्या एक काकू प्रत्येक रीलखाली लिहितात, ‘एवढा भाव? स्टेशनजवळ निम्म्यात मिळतं.’ मेसेजमध्येही टोमणे असतातच, आणि लिफ्टमध्ये रोज गाठ पडते. दोघी एकमेकींना फॉलो करतात.

ताईंनी म्यूट केलं तर? काकूंच्या प्रोफाइलवर जाऊन `Following` वर टॅप करायचं, `Mute` निवडायचं आणि पोस्ट, स्टोरी, नोट्स यांतलं जे नको ते चालू-बंद करायचं. काकूंना काहीच कळत नाही, फॉलोही तसंच राहतं. पण ताईंच्या रीलखालची काकूंची कमेंट जशीच्या तशी, सगळ्यांना दिसेल अशी राहते आणि तिचं नोटिफिकेशनही येतं. मेसेजही नेहमीच्या जागी येतात. नातेवाइकांचे रोजचे पंचवीस फोटो टाळायला म्यूट उत्तम आहे. इथे त्याचा काही उपयोग नाही.

आता रिस्ट्रिक्ट. हे बटण 2019 मध्ये आलं ते नेमकं अशाच प्रसंगांसाठी: समोरची व्यक्ती ओळखीची आहे, ब्लॉक केलं तर बोभाटा होईल, आणि गप्प बसवतही नाही. काकूंच्या प्रोफाइलवर वर उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून `Restrict` निवडायचं. त्यानंतर काकू ताईंच्या पोस्टखाली जे लिहितील ते फक्त काकूंनाच दिसेल. त्यांच्या फोनवर कमेंट अगदी नेहमीसारखी दिसते, बाकी गिऱ्हाइकांना दिसत नाही. ताईंना तिचं नोटिफिकेशन येत नाही. पोस्टखाली ती झाकलेली दिसते, `See comment` दाबलं की उघडते. मग ती `Approve` करून सगळ्यांना दाखवायची, काढून टाकायची की तशीच पडू द्यायची, हे ताईंच्या हातात.

काकूंचे मेसेज `Message requests` मध्ये जातात, तेही गुपचूप. ताईंनी ते उघडून वाचले तरी ‘वाचलं’ अशी खूण काकूंना दिसत नाही. ताई ऑनलाइन आहेत की नाहीत, हेही दिसत नाही. इथे एक काळजी घ्यायला हवी. उद्या काकूंनी खरंच दोन किलो चकलीची ऑर्डर पाठवली, तर तीही तिथेच पडून राहील. म्हणून सणाच्या दिवसांत रिक्वेस्टचा कप्पा रोज एकदा बघावा.

रिस्ट्रिक्टच्या मर्यादाही नीट माहीत हव्यात. ते पुढच्या कमेंटना लागू होतं. आधीच्या सगळ्या कमेंट जागच्या जागी राहतात, त्या हातानेच काढाव्या लागतात. ते फक्त ताईंच्या पोस्टपुरतं आहे. ठाण्यातल्या खाण्यापिण्याच्या एखाद्या पेजने ताईंचा फराळ दाखवला आणि काकूंनी त्याखाली टोमणा मारला, तर तो साऱ्या गावाला दिसेल. काकूंना ताईंच्या पोस्ट आणि स्टोरीही दिसत राहतात. स्टोरी दाखवायची नसेल तर ती सेटिंगमधून त्यांच्यापुरती वेगळी लपवावी लागते. आणि काकूंच्या मुलीने तिच्या फोनवरून ती रील उघडली, तर आईची कमेंट तिला दिसणार नाही. रिस्ट्रिक्ट उघडकीला येतं ते बहुधा असंच. नीट लागलंय का हे ताईंनाही याच पद्धतीने, एखाद्या मैत्रिणीच्या फोनवरून, तपासता येईल.

एक मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. ‘मागच्या वेळच्या चकल्या नरम पडल्या होत्या’ असं खऱ्या गिऱ्हाइकाने लिहिलं, तर त्यावर रिस्ट्रिक्ट हा उपाय नव्हे. तिथे खाली उत्तरच द्यायला हवं.

ब्लॉकचा रस्ता त्याच तीन ठिपक्यांतून जातो. त्यात एकच अकाउंट ब्लॉक करायचं, की त्या व्यक्तीची दुसरी आणि पुढे उघडली जाणारी अकाउंटही, असं विचारलं जातं. त्रास देणारा चिवट असेल तर दुसरा पर्याय घ्या. ब्लॉक केल्याचं नोटिफिकेशन जात नाही, पण काकूंनी नाव शोधलं आणि ताईंचं प्रोफाइल सापडलं नाही की त्या काय ते समजतात. त्यांचे जुने लाइक आणि कमेंट ताईंच्या पोस्टवरून निघून जातात आणि दोन्ही बाजूंचं फॉलो सुटतं. नंतर अनब्लॉक केलं तरी ते लाइक-कमेंट परत येत नाहीत, फॉलोही नव्याने करावं लागतं. दोघी एकाच ग्रुप चॅटमध्ये असतील तर ग्रुपमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, असं इन्स्टाग्राम विचारतं. राहिलात तर तिथे एकमेकींचे मेसेज दिसतातच.

म्हणूनच धमकी, अश्लील मजकूर किंवा बदनामी असेल तर क्रम चुकवू नका. आधी अकाउंटचं नाव आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, मग रिपोर्ट करा आणि शेवटी ब्लॉक. आधीच ब्लॉक केलंत तर कमेंट गायब होते आणि दाखवायला हातात काही उरत नाही. तक्रार cybercrime.gov.in वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. ऐरोली, घणसोली, वाशी हे भाग ठाणे जिल्ह्यात असले तरी त्यांचं पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं आहे.

राहिला सुचवलेल्या पोस्टचा प्रश्न. या तिन्ही बटणांचं काम एका अकाउंटपुरतं असतं, विषयापुरतं नाही. काकूंना ब्लॉक केलं तरी ‘स्वस्तात फराळ’ छापाच्या रील इतरांच्या अकाउंटवरून येतच राहतील. अशा रीलच्या तीन ठिपक्यांत जाऊन `Not interested` दाबावं लागतं, तेही एकदा नव्हे, तशी रील येईल तेव्हा तेव्हा. तरीही फीड ताळ्यावर आलं नाही, तर सेटिंगमध्ये `Content preferences` खाली सुचवलेल्या पोस्टची निवड नव्याने सुरू करण्याची सोय आहे. ती मागे फिरवता येत नाही, आणि तुम्हाला आवडणाऱ्या सुचवलेल्या पोस्टही त्यात पुसल्या जातात. त्यामुळे ती शेवटची पायरी ठेवा.

वर्तकनगरच्या ताईंनी आमच्या मते रिस्ट्रिक्ट करावं, जुन्या चार-पाच कमेंट हाताने काढाव्यात आणि काकूंच्या पोस्टही नको असतील तर जोडीला म्यूट करावं. दोन्ही एकत्र चालतात. काकूंनी दुसऱ्या अकाउंटवरून तेच सुरू केलं, तर मात्र ब्लॉक.

हे सगळं इन्स्टाग्रामचं झालं. फेसबुकवर रिस्ट्रिक्टेड यादीचा अर्थ निराळा आहे: तिथे ती व्यक्ती फ्रेंड राहते, पण तिला तुमच्या फक्त पब्लिक आणि तिला टॅग केलेल्या पोस्ट दिसतात. फेसबुकवर एकदा अनब्लॉक केलं की त्याच व्यक्तीला पुन्हा ब्लॉक करायला 48 तास थांबावं लागतं. व्हॉट्सॲपवर काकूंचा नंबर ब्लॉक केला तर त्यांचे फोन आणि थेट मेसेज थांबतात, पण सोसायटीच्या ग्रुपवर त्या लिहितील ते ताईंना दिसणारच. तिथला मजकूर काढायचा तर ग्रुप ॲडमिनला गाठावं लागतं. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो.