सेल बदलावा, चार्जर की स्पीकरच?

आवाज फाटतो आणि चार्जिंगही लवकर संपतं, अशा दोन्ही तक्रारी एकदम आल्या की आपण थेट नवे ब्लूटूथ स्पीकर बघायला लागतो. त्याआधी एक करा. स्पीकर पूर्ण चार्ज करून ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग मोठ्या आवाजात ऐका. बॅटरी पाव उरली की तेच, तेवढ्याच आवाजात पुन्हा ऐका.

पहिल्यांदा स्वच्छ आणि दुसऱ्यांदा फाटका, तर सेल थकलाय. माझा चार वर्षांचा स्पीकर ठोक्यासरशी बंदच पडायचा. उघडून सेलला मल्टिमीटर लावला तर गाणं बंद असताना ४.१ व्होल्ट होते. मोबाइलवरून सलग खर्जाचा सूर लावला, तर आकडा ३.२ वर घसरला. सेल जुना होतो तसा त्याचा आतला रोध वाढतो. मग जोरात करंट ओढला की व्होल्टेज आतच खर्ची पडतं, आणि चार्ज शिल्लक असूनही स्पीकरला बॅटरी संपली असं वाटतं. इथे नवा सेल हाच स्वस्त उपाय, बहुतेक वेळा साधा १८६५० मापाचा. तो पट्ट्या जोडलेलाच घ्या. सेलवर थेट सोल्डर लावून तापवू नका. फुगलेला असेल तर स्वतः हातच लावू नका.

चार्जरवर लोक उगाच खापर फोडतात. ६७ वॅटच्या मोबाइल चार्जरनं साधा स्पीकर जळत नाही. जास्त व्होल्टेजची मागणी झाली नाही तर चांगला चार्जर ५ व्होल्टच देतो. खरी खोट बहुधा केबलमध्ये असते. ती बारीक किंवा झिजलेली असली की चार्जिंगला रात्र लागते. पण दिवा पूर्ण चार्ज दाखवतोय आणि तरी तासाभरात खेळ खलास, तर केबल बदलून काही होणार नाही. (दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलनं काही स्वस्त स्पीकर चार्जच होत नाहीत. तो स्पीकरच्या पोर्टचा कंजूसपणा. जुनी, एका बाजूला चपटी पिन असलेली केबल लावून बघा.)

पूर्ण चार्जवरही शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर फाटत असेल, तर ती अॅम्प्लिफायरची मर्यादा. एका सेलचे ३.७ व्होल्ट, ४ ओहमचा स्पीकर आणि व्होल्टेज वाढवणारं सर्किट नाही, तर स्वच्छ आवाज जेमतेम पावणेदोन वॅटपर्यंत. व्होल्टेज ५ पर्यंत वाढवलं तरी तीनच. खोक्यावर काहीही छापलेलं असो. अशा वेळी सेलवर पैसे घालू नका. मोबाइलमधला बास बूस्ट बंद करा; तेवढ्यानं भागत नसेल तर मोठा स्पीकर घ्या. आणि हळू आवाजातही खरखर येत असेल तर पडदा फाटलाय किंवा कॉइल घासतेय.

मी अडीचशे रुपयांत सेल बदलून घेतला. त्याच सुरावर आता ३.९ दिसतात आणि स्पीकर बंद पडत नाही. शेवटच्या दोन पायऱ्यांवर मात्र अजून फाटतो. तिथवर मी आवाज नेतच नाही.