आठवड्याचा प्लॅन आणि कच्चा माल: फ्लॅट बीओएम ठेवावा की लेव्हलनुसार फोडावा?

आठवड्याचा प्लॅन हातात आला की बीओएम, म्हणजे एका नगाला कोणता माल किती लागतो त्याची यादी, फोडून पाइप, पत्रा, बोल्ट किती लागणार हे काढायचं, यासाठी लहान-मध्यम कारखान्यांत साधारण दोन पद्धती दिसतात. पहिलीत प्रत्येक तयार मालासाठी कच्च्या मालाची एकच सपाट यादी आधीच गुणून ठेवलेली असते आणि प्लॅनचा आकडा टाकला की काम झालं. दुसरीत मूळ बीओएम तसाच ठेवतात आणि वरून खाली एकेका लेव्हलचा हिशेब करत उतरतात. मी दोन्ही वापरल्या आहेत आणि आता दुसरीवर स्थिरावलो आहे. तरी पहिलीची बाजूही नीट मांडतो, कारण काही ठिकाणी तीच पुरते.

बोलण्यासाठी एक छोटं उदाहरण घेऊ. टेबल आणि बाक अशी दोन उत्पादनं आहेत. दोघांनाही प्रत्येकी दोन साइड फ्रेम लागतात आणि फ्रेम दोन्हीकडे तीच. एका फ्रेमला १.९५ मीटर गोल पाइप उलट्या यू आकारात वाकवतात आणि पायांना दोन रबरी टोप्या लागतात. टेबलाला याशिवाय त्याच पाइपचा ०.९५ मीटरचा एक आडवा दांडा लागतो. पाइप ६ मीटरच्या नगात येतो. एका नगातून फ्रेमचे तीन तुकडे निघतात, म्हणून बीओएममध्ये फ्रेमला १.९५ नाही तर २ मीटर लिहायचे, आणि दांड्याला त्याच न्यायाने १ मीटर. ड्रॉइंगमधली लांबी बीओएममध्ये जशीच्या तशी उतरवली की दर आठवड्याला थोडा पाइप कमी पडतो आणि कारण सापडत नाही.

या आठवड्याचा प्लॅन १२० टेबलं आणि ८० बाक. स्टोअरमध्ये पाइपचे १६ नग, म्हणजे ९६ मीटर.

फ्लॅट पद्धतीत टेबलासमोर ५ मीटर आणि बाकासमोर ४ मीटर लिहिलेले असतात. ६०० अधिक ३२०, एकूण ९२० मीटर. त्यातून ९६ वजा केले की ८२४ उरतात, म्हणजे १३८ नग मागवायचे. एक्सेलमध्ये हे एका SUMPRODUCT मध्ये बसतं. शीट नवीन माणसाला पाच मिनिटांत समजतं आणि कोणताही आकडा कॅल्क्युलेटरवर पडताळता येतो. हा गुण छोटा नाही. परचेसच्या माणसाने "हे ९२० कुठून आले?" विचारलं तर त्याला बोट ठेवून दाखवता येतं.

फ्रेममध्ये काही बदललं, समजा टोपीचा साइझ, तर फ्लॅट यादीत ती फ्रेम वापरणाऱ्या प्रत्येक उत्पादनाची ओळ दुरुस्त करावी लागते. हे कंटाळवाणं आहे, पण माझा निर्णय त्यावर झाला नाही. शिस्त असेल तर एवढं सांभाळता येतं.

निर्णय झाला तो रॅकवरच्या तयार फ्रेम्समुळे. पाइप बेंडिंग मशीनचं सेटिंग एकदा लागलं की ऑपरेटर चार जास्तीच्या फ्रेम काढूनच थांबतो, आणि ते बरोबरही आहे. मधेच एखादी ऑर्डर कमी होते. मग शनिवारी रॅकवर वेल्डिंग-पेंटिंग झालेल्या ९० फ्रेम उभ्या असतात आणि सोमवारी शीट पुन्हा पूर्ण ४०० फ्रेमचा पाइप मागतं. फ्लॅट यादीत फ्रेम नावाची वस्तूच नाही. गुणाकार करताना ती गाळलेली असते, त्यामुळे तिचा स्टॉक वजा करायला जागाच उरत नाही. दर आठवड्याला कुणीतरी रॅक मोजून पाइपची ऑर्डर हाताने कमी करायची आणि टोपीची कमी करायची हमखास विसरायची, असं चालत राहतं. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. जो हिशेब शीटने करायला हवा, तो दर सोमवारी कुणाच्या तरी लक्षात असण्यावर अवलंबून राहतो.

यावर एक उपाय सगळीकडे सुचवला जातो. तयार फ्रेम पाइपमध्ये रूपांतरित करायच्या, म्हणजे ९० फ्रेम गुणिले २, १८० मीटर पाइप स्टॉकमध्ये आहे असं धरायचं. या आठवड्यात उत्तर बरोबर येतं, म्हणून तो पटतोही. पण समजा पुढच्या आठवड्यात प्लॅन फक्त २० टेबलांचा आहे, त्याच ९० फ्रेम रॅकवर आहेत आणि मोकळा पाइप शून्य आहे. फ्लॅट गरज १०० मीटर, मानीव स्टॉक १८० मीटर, तेव्हा शीट सांगतं काहीच मागवू नका. प्रत्यक्षात ४० फ्रेम रॅकवरून मिळतात, पण २० दांड्यांसाठी २० मीटर पाइप लागतोच, आणि वाकवलेली फ्रेम सरळ करून कुणी दांडा कापत नाही. टेबलं असेंब्लीला अडकतात. जास्तीचा पाइप निदान पडून राहतो, इथे मात्र लाइन थांबते.

डेटाबेस हाताशी असणारे मधला मार्ग म्हणून रिकर्सिव्ह क्वेरीकडे वळतात. ती अशी दिसते:

```sql
WITH RECURSIVE x(item, qty) AS (
  SELECT item, qty FROM plan
  UNION ALL
  SELECT b.child, x.qty * b.qty
  FROM x JOIN bom b ON b.parent = x.item
)
SELECT item, SUM(qty) FROM x GROUP BY item;
```

बीओएम एकाच ठिकाणी राहतो, टोपी बदलली तर एकच ओळ बदलायची. इथे UNION ALL च हवं. नुसतं UNION लिहिलं तर सारख्या ओळी एकत्र होतात. टेबल आणि बाक दोन्ही १०० असले तर फ्रेमच्या २०० च्या दोन ओळींपैकी एक गायब होईल आणि गरज निम्मी दिसेल. प्लॅनमधले आकडे वेगळे असले की ही चूक दिसत नाही, त्यामुळे ती महिनोन्‌महिने दबून राहू शकते.

पण माझी मूळ अडचण या क्वेरीनेही सुटत नाही. ती प्रत्येक वाटेने स्वतंत्र खाली उतरते आणि बेरीज शेवटी करते. स्टॉक मात्र बेरजेनंतर वजा व्हायला हवा. उतरतानाच वजा केला तर टेबलाच्या २४० फ्रेममधून ९० जातात, बाकाच्या १६० मधूनही तेच ९० पुन्हा जातात, आणि बनवायच्या फ्रेम निघतात २२०. खरा आकडा ३१०. रिकर्सिव्ह भागाच्या आत बेरीज करून हे टाळता येईल असं वाटतं, पण पोस्टग्रेस तिथे SUM सारखी फंक्शन चालू देत नाही. एकूण गरज काढायला क्वेरी उत्तम आहे, पण निव्वळ गरज काढायला मी ती सुचवणार नाही.

आता लेव्हलनुसार. इथे प्रत्येक वस्तूला तिचा लो-लेव्हल कोड द्यायचा, म्हणजे ती कोणत्याही बीओएममध्ये सगळ्यात खोल जिथे सापडते ती लेव्हल. टेबल आणि बाक ०, फ्रेम १. पाइप टेबलात थेट लेव्हल १ वर आहे आणि फ्रेममधून लेव्हल २ वरही आहे, म्हणून त्याचा कोड २. मग कोडच्या क्रमाने एकेक वस्तू घ्यायची, आधी तिच्या सगळ्या मागण्या गोळा करायच्या, मग स्टॉक वजा करायचा आणि उरलेलंच खाली पाठवायचं:

```python
for item in sorted(items, key=lambda i: level[i]):
    net = max(0, gross[item] - stock[item])
    for child, qty in bom.get(item, []):
        gross[child] += net * qty
```

आपल्या उदाहरणात फ्रेमची एकूण गरज ४००, स्टॉक ९०, बनवायच्या ३१०. त्यांना पाइप ६२० मीटर, दांड्यांना १२०, एकूण ७४०. स्टोअरमधले ९६ वजा केले की ६४४ मीटर, म्हणजे १०८ नग. फ्लॅट शीटपेक्षा ३० नग कमी. टोप्याही आपोआप ८०० ऐवजी ६२० होतात, कुणी लक्षात ठेवायची गरज नाही. आणि २० टेबलांच्या आठवड्यात हाच हिशेब फ्रेम शून्यावर थांबवतो आणि पाइप बरोबर २० मीटर मागतो.

हे एक्सेलमध्येच करायचं असेल तर एक अडथळा येतो. सगळ्या वस्तू एका टेबलात, सगळा बीओएम दुसऱ्या टेबलात ठेवून SUMIF आणि VLOOKUP एकमेकांकडे वळवले की एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची तक्रार करतं. बीओएममध्ये चक्र नसतं. पण सूत्रं पूर्ण कॉलमकडे बोट दाखवतात, म्हणून एक्सेलला ते चक्र वाटतं. इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू करून तक्रार दाबू नये. त्याऐवजी प्रत्येक लेव्हलचा वेगळा ब्लॉक करावा. बीओएमच्या ओळी खालच्या वस्तूच्या कोडनुसार गटात लावायच्या आणि प्रत्येक ब्लॉकने फक्त आपल्या वरच्या सगळ्या ब्लॉक्सकडे पाहायचं. तीन-चार लेव्हलपर्यंत हे छान चालतं.

या पद्धतीच्या मागण्या दोन आहेत. पहिली म्हणजे बीओएम बदलला की कोड पुन्हा काढावे लागतात. पाइपचा कोड चुकून १ राहिला तर तो फ्रेमच्या आधी हिशेबात येऊ शकतो, आणि फ्रेमने नंतर मागितलेले ६२० मीटर कुठेच मोजले जात नाहीत. पडताळणी सोपी आहे. बीओएमच्या प्रत्येक ओळीत वरच्या वस्तूचा कोड खालच्यापेक्षा लहान असलाच पाहिजे, एकही ओळ उलटी निघाली तर त्या आठवड्याचा आकडा परचेसकडे जाऊ देऊ नये. दुसरी मागणी जड आहे. रॅकवरच्या फ्रेमची मोजणी खरी हवी. ९० लिहिल्या आणि त्यातल्या ३० रिजेक्ट होऊन बाजूला ठेवलेल्या असतील, तर ६० मीटर पाइप कमी येईल. फ्लॅट पद्धत अशी मोजणी मागत नाही आणि जास्त माल मागवून अशा चुका झाकून टाकते. ज्या शॉपमध्ये फ्रेमसारख्या सब-असेंब्लीची मोजणी भरवशाची नाही, तिथे घाईने लेव्हलनुसार जाऊ नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तुमच्याकडे फ्रेमसारखं मधलं काही उरतच नसेल, सगळं त्याच आठवड्यात असेंबल होऊन जात असेल, तर दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच येतं आणि फ्लॅट शीट बदलायचं कारण नाही. एखादी सब-असेंब्ली दोन किंवा जास्त उत्पादनांत जात असेल आणि शनिवारी रॅक रिकामा नसेल, तर मी लेव्हलनुसारच जाईन. सुरुवात सगळ्या बीओएमपासून करू नका. सगळ्यात जास्त ठिकाणी वापरली जाणारी एकच सब-असेंब्ली घ्या, तिची मोजणी शनिवारी रिजेक्ट वगळून करा, आणि काही आठवडे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. फरक फक्त त्या सब-असेंब्लीच्या स्टॉकमधून त्या आठवड्यात वापरल्या जाणाऱ्या नगांइतकाच यायला हवा. आमच्या उदाहरणात तो ९० फ्रेमचे १८० मीटर, म्हणजे ते ३० नग. त्याहून वेगळा आला तर आधी कोड तपासा, मग मोजणी.