वर्षभर वापरल्यावर: एसएपीतला रिबेट करार आणि आमचं चुकलेलं अ‍ॅक्रुअल

चाकणच्या आमच्या कारखान्यात खोके पुरवणाऱ्या पार्टीशी दरवर्षी रिबेट ठरतो. आधी हा हिशेब एक्सेलमध्ये असायचा आणि मार्चनंतर क्रेडिट नोट आली की नफा एकदम फुगायचा. गेल्या एप्रिलपासून आम्ही एस/४हानातला कंडिशन कॉन्ट्रॅक्ट (WCOCO) वापरतो.

करार असा: वर्षाची खरेदी २ कोटींवर गेली तर २ टक्के, ३ कोटींवर गेली तर ३ टक्के, आणि तोही पहिल्या रुपयापासून. अंदाज होता ३.२ कोटींचा. पहिली चूक आमचीच. सेटलमेंटला जे स्लॅब दिले तेच अ‍ॅक्रुअललाही, म्हणजे मिळण्याआधीच हिशेबात धरायच्या रिबेटलाही, दिले. सप्टेंबरअखेर खरेदी १.४ कोटी झाली तरी येणे शून्यच दिसत होतं. तसंच ठेवलं असतं तर २ कोटी ओलांडल्या महिन्यात चार लाख एकदम उगवले असते. खरं तर अ‍ॅक्रुअलचा दर वेगळा ठेवता येतो. तो सरळ ३ टक्के केला, डेल्टा अ‍ॅक्रुअल चालवलं आणि मागच्या खरेदीचे ४.२ लाख जागेवर बसले.

डिसेंबरअखेर खरेदी २.२ कोटी आणि येणे ६.६ लाख. तेवढ्यात एका ग्राहकाची ऑर्डर घटली. परचेसवाले म्हणत राहिले, "होईल साहेब तीन कोटी." पण उघड्या पीओ आणि शेड्यूल मिळून २.८ कोटींच्या पुढे जात नव्हतं. दर २ टक्के केला, येणे ४.४ लाखांवर आलं, २.२ लाख उलटवले. हे सिस्टिम आपणहून करत नाही. तिला झालेली खरेदी कळते, होणारी नाही. आता दर महिना बंद करताना अंदाज परचेसकडून लेखी घेतो. आणि करारात नसलेला, पार्टीच्या मर्जीवरचा रिबेट धरतच नाही. भारतीय लेखामानक ३४ अंतरिम हिशेबातही त्याला परवानगी देत नाही.

दुसरी गोम स्टॉकची. मानक २ प्रमाणे रिबेट खरेदीच्या किमतीतून वजा होतो, तो इतर उत्पन्न नव्हे. डिसेंबरअखेर वर्षाच्या खोक्यांपैकी चौथा हिस्सा गोदामात होता. म्हणून ४.४ लाखांतले १.१ लाख स्टॉकच्या किमतीतून कमी केले आणि ३.३ लाख खपाच्या खर्चातून. आमच्या सेटिंगमध्ये सगळं खपालाच जातं, त्यामुळे ही जेव्ही अजून हाताने करतो. कंटाळवाणं काम आहे.

शेवटी सेटलमेंटला १२ हजारांचा फरक निघाला. ३१ मार्चला निघालेला ६ लाखांचा माल पार्टीने बिलाच्या तारखेने धरला, आम्ही जीआरएनच्या, म्हणजे माल आमच्याकडे आल्याच्या नोंदीच्या. दोन्ही बाजूंचा स्लॅब तोच राहिला म्हणून निभावलं. यंदाच्या करारात जीआरएनची तारीख, जीएसटी वगळून, परत केलेला माल वजा करून, असं स्पष्ट लिहून घेतलंय.