एक रंग, एक कॉलआउट: एक्सेलच्या मासिक चार्टवर आठ महिन्यांचा अनुभव

दर महिन्याच्या तक्रारींच्या स्तंभ-चार्टमध्ये एकाच महिन्याकडे लक्ष वेधायचं होतं. त्यासाठी पहिले दोन महिने सोपा मार्ग वापरला. स्तंभावर एकदा क्लिक केलं की सगळे निवडले जातात, पुन्हा केलं की तो एकटा. मग त्याला केशरी रंग आणि शेजारी मजकुराची चौकट, म्हणजे कॉलआउट. दिसायला उत्तम, पण डेटा बदलला की घोटाळा. एक्सेल हा रंग आकड्याला देत नाही, स्तंभाच्या क्रमांकाला देतो. चालू १२ महिन्यांच्या चार्टमध्ये त्याच सेलमधले आकडे सरकून जुना महिना गळला आणि नवा आला, की केशरी स्तंभ भलत्याच महिन्यावर येतो आणि चौकट मात्र जिथल्या तिथे. बघणारा ते खरं मानतो, हे जास्त वाईट.

म्हणून रंगाला स्वतंत्र मालिका दिली. शीटच्या A रकान्यात महिना, B मध्ये तक्रारींची संख्या, E1 मध्ये ज्याकडे लक्ष वेधायचं तो महिना, E2 मध्ये कॉलआउटचं वाक्य. C2 आणि D2 मध्ये ही सूत्रं लिहून खाली ओढायची:

```
=IF(A2=$E$1,B2,NA())
=IF(A2=$E$1,$E$2,"")
```

B आणि C दोन्ही स्तंभ-मालिका म्हणून घ्यायच्या, C नंतर. Series Overlap १०० टक्के केलं की केशरी स्तंभ राखाडी स्तंभाला बरोबर झाकतो. C ला डेटा लेबल देऊन Value From Cells मध्ये D ची रेंज निवडायची आणि Value ची खूण काढायची; ती राहिली तर आकडा वाक्याला चिकटून येतो. ही सोय एक्सेल २०१३ पासूनची आहे, त्याआधीच्या आवृत्तीत वाक्याऐवजी [CELLRANGE] दिसतं.

आता जुलैत २१२ तक्रारी आणि जूनमध्ये १०४ असतील, तर E2 मध्ये ‘जुलै: २१२, जूनच्या दुपटीहून जास्त’ एवढंच. नुसतं ‘२१२’ लिहिलं तर तुलना बघणाऱ्यावर पडते. वाक्य लांबलं तर लेबल शेजारच्या स्तंभांवर पसरतं. ते माउसने सरकवू नका, ती जागा त्या क्रमांकाच्या स्तंभापुरतीच राहते. वाक्यच छोटं करा, आणि अक्षाची कमाल मर्यादा २५० ठेवा म्हणजे वर जागा मिळते.

रंग: बाकी सगळं BFBFBF, ठळक D55E00. याहून फिका राखाडी प्रोजेक्टरवर पुसला जातो. केशरी अक्षरं पांढऱ्यावर बारीक असली तर वाचवत नाहीत. १४ पॉइंट ठळक हवीत. लेजंड काढून टाका, रंगाचा अर्थ कॉलआउटच सांगतो.

एक मर्यादा: A मध्ये नुसतं ‘जुलै’ असेल आणि डेटा दोन वर्षांचा असेल, तर दोन्ही जुलै केशरी होतात. महिन्यासोबत वर्ष लिहा. आणि दोन महिने दाखवायचा मोह झाला, तर दुसरा चार्ट काढा.