सेकंडहँड गाडीसोबत 'मराठी मॅन्युअल' विकत घेतलं आणि इंजिन गेलं, गोव्यातल्या लोकांनी जरूर वाचा

मार्चमधली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. लांबलंय, पण निदान तेलाच्या किटलीचा भाग तरी वाचा.

आम्ही साखळीचे. बाबांसाठी म्हापशाकडच्या एका डीलरकडून आठ वर्षं जुनी डिझेल हॅचबॅक घेतली. नाव लिहीत नाही, मॅटर चालू आहे. गाडी तशी बरी होती, फक्त ग्लोव्ह बॉक्समध्ये मॅन्युअल नव्हतं. आमच्या बाबांचं शिक्षण सगळं मराठीतून, इंग्रजी अक्षरं लावून वाचतात पण वाक्य कळत नाही, म्हणून मीच डीलरला विचारलं की पुस्तक कुठाय. तर म्हणाला, "पात्रांव, पुस्तक कशाला, मी तुम्हाला मराठीतच करून देतो ना, ह्याच गाडीचं, कंपनीच्या माणसाकडून तपासून घेतलेलं." अडीच हजार रुपये वेगळे घेतले. मला वाटलं काय वाईट आहे, बाबांना उपयोग होईल.

मिळालं काय तर मोबाईलवर चौदा फोटो, कुणीतरी पुस्तक मांडीवर उघडं ठेवून काढलेले, अंगठा पण दिसतोय एका फोटोत, आणि सोबत निळ्या बॉर्डरचं एक लॅमिनेट केलेलं कार्ड. त्यावर डॅशबोर्डवरच्या दिव्यांची चित्रं आणि समोर मराठीत अर्थ. ही चित्रं ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्सची होती. हे मी तेव्हा बघितलं पण डोक्यात शिरलं नाही, आणि खरी गोम तिथेच होती.

बाबा बेळगावला मावशीकडे गेले होते, येताना चोर्ला घाट. रस्त्याची अवस्था सांगायला नको. वरच्या बाजूला एका खड्ड्यात गाडी आपटली, खालून दणका बसला, पण गाडी नीट चालत होती म्हणून थांबले नाहीत. खाली उतरताना अंजुणे धरण दिसायला लागतं त्या भागात वळणावर एक लाल दिवा लुकलुकायला लागला. वळण संपलं की विझायचा, ब्रेक मारला की परत पेटायचा. बाबांना वाटलं वायर लूज असेल. मग एका वळणानंतर तो विझलाच नाही. नळी असलेली जुन्या पद्धतीची तेलाची किटली आणि नळीच्या टोकाला थेंब, तसलं चित्र.

आणि इथे मला बाबांचा अभिमान पण वाटतो आणि वाईट पण वाटतं, कारण ते थांबले. लगेच बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, चष्मा लावला, कार्ड काढून वाचलं. त्यावर लिहिलेलं: "इंजिन तेलाची पातळी कमी. सोयीनुसार तेल भरून घ्यावे." आता घाटात कसली सोय? त्यांनी विचार केला खाली केरीला जाऊन बघू काय ते, परत स्टार्टर मारला आणि निघाले.

पाचेक किलोमीटर गेले असतील. आधी टकटक आवाज, मग तो वाढत गेला, मग गाडी ओढेना, मग इंजिन खटकन बंद. परत चावी फिरवली तर नुसतं कट्ट, इंजिन फिरेचना. मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य काय तर "अरे, कार्डावर सोयीनुसार लिहिलंय रे."

टो करून साखळीच्या गॅरेजला आणली. मेस्त्रीने इंजिन उघडून मला बोलावलं आणि बेअरिंगचा एक शेल हातात ठेवला. अर्ध्या बांगडीसारखी पातळ पट्टी असते, आतून राखाडी आणि गुळगुळीत असायला पाहिजे. ती मध्ये घासून तांबं दिसत होतं, नखाला चरे लागत होते. क्रँकशाफ्ट पण घासलेला. खड्ड्यात ऑइलच्या चेंबरला चीर गेली होती, तिथून ऑइल गळत होतं. वळणावर आणि ब्रेक मारल्यावर उरलेलं ऑइल एका बाजूला सरकायचं, पंपाच्या तोंडाशी हवा यायची, म्हणून दिवा लुकलुकत होता. म्हणजे वायर लूज वगैरे काही नव्हतं, गाडी आधीच सांगत होती. मेस्त्रीचा हिशोब, पहिल्यांदा थांबले तिथेच टो बोलावला असता तर चेंबर, ऑइल, फिल्टर धरून सात-आठ हजारांत काम झालं असतं, आता अडुसष्ट हजार.

मेस्त्रीने मला जे समजावलं ते मला आधी माहीतच नव्हतं. ती लाल किटली ऑइल किती आहे ते दाखवत नाही, ऑइलचं प्रेशर दाखवते. क्रँक धातूवर धातू घासत फिरत नाही, मध्ये पंपाने दाबून सोडलेल्या ऑइलचा पातळ थर असतो, त्याच्यावर फिरतो. प्रेशर गेलं की थर गेला, मग नुकसान व्हायला काही मिनिटं पुरतात. ऑइल भरपूर असून सुद्धा पंप खराब झाला किंवा जाळी चोंदली तर तोच दिवा पेटतो, म्हणून डिपस्टिक बघून 'ऑइल तर आहे' म्हणत पुढे जायचं नसतं, आणि नुसतं वरून ऑइल ओतलं पण दिवा विझला नाही तर इंजिन चालू ठेवायचं नसतं. दिवा लाल राहिला तर इंजिन बंद आणि टो, ह्याला पर्याय नाही.

मग कार्डावर 'सोयीनुसार' आलं कुठून? मला झोप येईना. ओळखीच्या एकाकडे आमच्याच मॉडेलचं, त्याच वर्षाचं खरं पुस्तक होतं, ते आणलं आणि रात्री फोटोंशी लावून बघत बसलो. खऱ्या पुस्तकात किटलीच्या समोर सरळ लिहिलंय की सुरक्षित जागी थांबा, इंजिन ताबडतोब बंद करा, चालवू नका. डीलरच्या फोटोत किटली दोन वेळा आहे. एकीसमोर हेच, ताबडतोब थांबा. दुसरीसमोर पातळी कमी आहे, जमेल तेव्हा ऑइल भरा. कारण काही गाड्यांत तेच चित्र दोन रंगांत येतं, लाल म्हणजे प्रेशर गेलं, पिवळं म्हणजे पातळी कमी. आमच्या गाडीत पिवळी किटली नाहीच आहे. झेरॉक्समध्ये दोन्ही काळ्या दिसल्या, कार्ड बनवणाऱ्याला वाटलं एकच चित्र दोनदा आलंय, त्याने एक ओळ उडवली. आणि उडवली ती नेमकी लाल.

पुढे बघितलं तर ते आमच्या गाडीचं पुस्तकच नव्हतं. एका फोटोच्या कोपऱ्यात पुश बटण स्टार्टचं चित्र, आमची गाडी चावीची. डिझेलमध्ये स्टार्ट करायच्या आधी तो गोल गोल वेटोळ्याचा दिवा येतो ना, तो कुठेच नाही, म्हणजे पेट्रोल गाडीचं. 'ह्याच गाडीचं, तपासून घेतलेलं' हे तोंडावर मारलेलं खोटं होतं.

भाषांतराच्या गमती तर विचारू नका. दिव्यांना इंग्रजीत 'टेलटेल' म्हणतात, ह्याने लिहिलंय 'चुगलखोर'. त्याला हसलो मी. पण ब्रेकच्या लाल दिव्यासमोर लिहिलंय "ब्रेक लाइट चालू आहे", आणि हे हसण्यासारखं नाही, कारण आपल्याकडे ब्रेक लाइट म्हणजे मागचा दिवा. बाबांनी तसंच समजलं असतं. खरा अर्थ असा की हँडब्रेक ओढलेला असेल, आणि हँडब्रेक पूर्ण सोडूनही पेटलेला राहिला तर ब्रेक ऑइल कमी झालंय किंवा ब्रेकमध्येच बिघाड आहे, सांभाळून थांबायचं आणि पुढे चालवायची नाही.

टेंपरेचरच्या लाल दिव्यासमोर तर "इंजिन रिकामे ठेवा". मूळ वाक्य होतं की गाडी थांबवा, एसी बंद करा आणि इंजिन न्यूट्रलमध्ये नुसतं चालू ठेवा म्हणजे पंखा आणि पाणी फिरत राहून ते गार होईल. वाफ येत असेल, पाणी गळत असेल किंवा पंखा फिरत नसेल तरच बंद करा. म्हणजे बघा, दोन्ही दिवे लाल, दोन्हीला गाडी थांबवायचीच, पण किटलीला इंजिन लगेच बंद करायचं आणि टेंपरेचरला बहुतेक वेळा चालू ठेवायचं. 'रिकामे ठेवा' वाचून माणूस करणार काय? गरम रेडिएटरचं झाकण उघडून पाणी काढायला गेला तर तोंड भाजेल.

शिवाय पुस्तकात जिथे 'ताबडतोब' होतं आणि जिथे 'लवकर गॅरेजला दाखवा' होतं, दोन्हीकडे ह्याने 'लवकरात लवकर' ठोकलंय. इंजिनचं चित्र असलेला पिवळा दिवा स्थिर पेटला तर दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं, पण त्याला आणि लाल ब्रेकला एकच शब्द.

डीलरकडे गेलो तर आधी ओळखच दाखवेना, मग म्हणाला "कार्ड आम्ही मदत म्हणून देतो, गाडी चालवणाऱ्याला अक्कल नको?" बाबा सोबत होते. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर हात उठला असता. नशीब की अडीच हजार यूपीआयने दिले होते आणि नोटमध्ये 'मराठी मॅन्युअल' असं टाकलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे, कार्ड पुरावा म्हणून जपून ठेवलंय.

आता बाबांसाठी मीच नवीन कागद केला. चावी ऑनवर ठेवली, इंजिन स्टार्ट न करता, की इशाऱ्याचे बहुतेक दिवे पेटतात, तेव्हा आमच्याच डॅशबोर्डचा कलर फोटो काढला आणि त्यावरून एकेक चित्र खऱ्या पुस्तकाशी जुळवलं. (तेव्हा किटली पेटलीच नाही तर तो पण प्रॉब्लेम, डीलर लोक दिवा काढून टाकतात असं मेस्त्री म्हणाला. आणि स्टार्ट केल्यावर काही सेकंदांत ती विझली पाहिजे.) प्रत्येक दिव्यासमोर रंग शब्दात लिहिला, कारण उद्या कुणी त्याची झेरॉक्स काढली तर रंग जाईल. आणि अर्थ नाही लिहिला, काय करायचं ते लिहिलं. 'लाल किटली: थांबा, इंजिन बंद, परत स्टार्ट करू नका, मला फोन करा.'

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात एका टॅक्सीत तेच निळ्या बॉर्डरचं कार्ड दिसलं, सन व्हायजरला खोचलेलं. ड्रायव्हरला म्हटलं तिसरी ओळ वाच, त्याने मोठ्याने वाचली, 'सोयीनुसार'. पेन घेऊन तिथेच खोडायला लावली. तुमच्याकडे किंवा ओळखीत कुणाकडे तसलं कार्ड असेल तर तिसरी ओळ बघा.